लीडर पडला तर?

हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरताना तोलार खिंडीच्या थोडं वर रेलिंग लावलेला कातळाचा टप्पा आहे. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिथे माझा पाय घसरला आणि घोटा मोडला. गट अठरा जणांचा होता आणि लीडर मी होते. वाटेची सगळी माहिती माझ्या फोनमध्ये होती, आणि तो फोन माझ्याबरोबरच कातळावर आपटून बंद पडला होता. सॅकमध्ये डायरी होती, पण त्यातल्या नोंदी मला एकटीला कळतील अशा. शेवटून चालणारा माझा सहकारी या वाटेने पहिल्यांदाच येत होता.

मी दोन मुलांना सांगितलं, खिंडीत उतरा, तिथून खिरेश्वरला जा आणि माणसं घेऊन या. गडाकडून खिंडीत उतरलं की खिरेश्वर उजवीकडे आणि कोथळे डावीकडे. हे मला इतकं पाठ होतं की सांगायचं सुचलंच नाही. मुलं डावीकडे वळली. खाली घरं दिसली तेव्हा त्यांनी १०८ ला फोन लावून रुग्णवाहिका खिरेश्वरला बोलावली, कारण आपण खिरेश्वरला आलोय अशी त्यांची खात्री होती. पहिल्या घराच्या ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "पोरांनो, हे कोथळं हाय. खिरेश्वर डोंगराच्या पल्याड ऱ्हायलं."

कोथळ्याची माणसं वर आली. त्यांनी घोंगडी आणि दोन काठ्यांची झोळी करून मला त्यांच्या गावात उतरवलं. रुग्णवाहिका डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या जिल्ह्यात, माझी वाट बघत उभी होती. आमची बसही तिथेच. दुपारी दोनला पडलेली मी रात्री साडेअकराला दवाखान्यात पोचले. घोट्याचं हाड होतं म्हणून निभावलं. डोक्याला मार असता, पोटात रक्तस्राव असता, तर हे साडेनऊ तास फार महाग पडले असते.

त्या दिवशी कोणाचीच हिंमत कमी पडली नव्हती. मुलं धावत गेली होती, गावकरी धावत आले होते. कमी होती ती एका ओळीची: 'खिंडीत उजवीकडे खिरेश्वर, डावीकडे कोथळे.' ती ओळ अठरा खिशांत असायला हवी होती, आणि ती एकाच डोक्यात होती.

म्हणून माझं म्हणणं आहे की ट्रेकला निघण्याआधी वाटेच्या खुणा, मधूनच बाहेर पडण्याच्या जागा आणि संकटात सांगायचे अक्षांश-रेखांश लिहिलेला कागद गटातल्या प्रत्येकाच्या हातात पडलाच पाहिजे. लीडरच्या मर्जीवर हे सोडून चालणार नाही. जो आयोजक पैसे घेऊन माणसं डोंगरात नेतो त्याच्यावर ते बंधन असलं पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी सहभागी माणसाला जे मिळतं त्यात भेटण्याची जागा, बसची वेळ, आणायच्या वस्तू, नाश्त्याला काय आणि पैसे परत मिळण्याचे नियम असतात. वाटेविषयी 'मध्यम कठीण' एवढा एक शब्द. लीडर शुद्धीवर आणि सोबत असेपर्यंत बाकीच्यांना या कागदाची गरज पडत नाही. गरज पडते ती नेमकी तो पडला, हरवला किंवा मागे राहिला की. तेव्हा कागद त्याच्याच सॅकमध्ये असेल, तर तो नसल्यासारखाच आहे.

हा कागद कसा असतो ते याच गडावर दाखवते, कारण हरिश्चंद्रगड सोपा समजला जातो आणि फसवतो. खिरेश्वरहून वर जायला पाच-सहा तास लागतात. गाव सोडलं की जंगलातून तोलार खिंड, खिंडीत व्याघ्रशिल्प, तिथे डावीकडे वळून रेलिंगचा कातळ, आणि वर पोचलं की लहान टेकड्यांची रांग. चढ, उतार, झाडी, परत चढ. प्रत्येक टेकडी मागच्या टेकडीसारखी दिसते. धुकं असेल तर सात टेकड्या मोजत जायचं म्हणतात, पण दमलेला माणूस चौथी आणि पाचवी यात घोटाळा करतो. मग हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, आणि तिथून पुढे कोकणकडा. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेल्या सहा जणांची याच गडाच्या वाटेवर धुक्यात आणि पावसात चुकामूक झाली आणि त्यातला एकजण थंडीने गेला. ही वाट सरावाच्या लोकांना अंगणासारखी वाटते, आणि म्हणूनच तिचा कागद करायची कोणाला गरज वाटत नाही.

माझ्या कागदावर खिंडीची नोंद आता अशी असते:

> खूण ३, तोलार खिंड. ओळख: दगडी व्याघ्रशिल्प. खिरेश्वरहून येताना डावीकडे गड, समोर उतरणारी वाट कोथळ्याची. गडावरून येताना उजवीकडे खिरेश्वर, डावीकडे कोथळे. सकाळी ११ पर्यंत सगळा गट इथे पोचला नाही तर गड रद्द, इथूनच परत. सुटका: खिरेश्वर, दीड तास, आपली बस तिथे. कोथळेही चालेल, पण तिथे आपली गाडी नाही. पुढचा बिंदू चुकला असं वाटलं तर इथे परत या आणि थांबा.

एवढंच. अशा सहा-सात नोंदी एका पानावर मावतात. जास्त खुणा दिल्या तर कोणी वाचत नाही, आणि वाचायला तरी हव्यात कशाला? माणूस चुकतो ते फाट्यावर, ओढ्यावर, पठारावर. सरळ पायवाटेवर दर पाचशे मीटरला बिंदू देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या यादीत चाळीस बिंदू असतात आणि नेमका फाटा त्या चाळिसांत हरवलेला असतो.

नोंदीत मी दोन्ही दिशा लिहिते. चढताना डावं असतं ते उतरताना उजवं होतं, हे कोणालाही कळतं, पण घाबरलेल्या माणसाला उलटं करून विचार करायला लावू नये. खुणेची ओळख डोळ्यांना दिसणारी द्यावी. 'उंची अमुक मीटर' हे व्याघ्रशिल्पाच्या जागी चालत नाही. कोणी रंगवलेला बाण किंवा झाडाला बांधलेली चिंधी मी खूण म्हणून कधीच लिहीत नाही. ती पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, आणि एखादीच्या जागी तीन असतील, तिन्ही वेगळ्या दिशांना.

आता अक्षांश-रेखांश. कागदाचा हा भाग लोकांना सगळ्यात पक्का वाटतो आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. समजा, एका बिंदूचा आकडा `19.3905, 73.7790` असा आहे. हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतला आहे, खरा बिंदू ज्याने त्याने जागेवर उभं राहून नोंदवावा. हे दशांशातले अंश आहेत. फोनवर कोणी तो वाचून दाखवला आणि ऐकणाऱ्याने 'एकोणीस अंश, एकोणचाळीस मिनिटं, पाच सेकंद' असा लिहून घेतला, तर काय होईल? १९.३९०५ अंश म्हणजे खरं तर १९ अंश २३ मिनिटं २६ सेकंद. चुकीच्या वाचनात बिंदू उत्तरेला सुमारे २९ किलोमीटर सरकला. हरिश्चंद्रगडावर पडलेल्या माणसाला शोधायला पथक कळसूबाईच्याही पलीकडे, इगतपुरीच्या बाजूला जाईल. आणि हा आकडा चुकीचा दिसतही नाही, कारण तो सह्याद्रीतच पडतो.

चूक पकडायची एक जागा मात्र आहे. त्याच पद्धतीने रेखांश वाचला तर '७३ अंश ७७ मिनिटं' येतं, आणि मिनिटं ५९ च्या पुढे जातच नाहीत. नियंत्रण कक्षातल्या माणसाला हे माहीत असेल तर तो थांबून विचारेल. पण त्याच्या सावधपणावर आपलं पथक सोडून देण्यापेक्षा कागदावरच लिहावं: 'दशांश अंश. आधी उत्तर, मग पूर्व.' आणि त्याच बिंदूची ओळख शब्दांतही द्यावी.

फोनवर आकडा सांगताना एकेक अंक सुटा सांगायचा. एक, नऊ, दशांश, तीन, नऊ, शून्य, पाच. आपल्या भाषेत एकोणचाळीस आणि एकोणपन्नास, त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी, वाऱ्यात आणि तुटक्या रेंजमध्ये सारखेच ऐकू येतात. सांगून झालं की पलीकडच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. माझ्या कागदावर बिंदूखाली बारीक अक्षरात 'अंक सुटे सांगा, परत म्हणवून घ्या' असं छापलेलं असतं. आकडे मी इंग्रजी अंकांतच देते, कारण फोनमध्ये टाकायचे ते तसेच लागतात.

दशांशानंतरची चार घरं पुरतात. चौथ्या घराचा फरक जमिनीवर दहा-अकरा मीटरचा असतो आणि साधा फोन उघड्या आकाशाखालीही त्याहून फार नेमकं सांगत नाही. कड्याच्या पोटात, घळीत, दाट झाडीत ती चूक कितीतरी वाढते. आणि इथे सह्याद्रीची स्वतःची अडचण आहे. कोकणकड्याच्या काठावर नकाशातले वीस मीटर म्हणजे कड्याचा माथा आणि शेकडो मीटर खालची घळ यांतला फरक. वर उभ्या माणसाचा आणि खाली अडकलेल्या माणसाचा आकडा जवळपास एकच येऊ शकतो. वरच्या माणसाकडे पाचनईहून जायचं, खालच्याकडे बेलपाड्याहून. म्हणून कड्याजवळच्या कोणत्याही बिंदूला 'माथ्यावर' किंवा 'कड्याखाली' हा शब्द जोडल्याशिवाय तो आकडा पुरा होत नाही. पथकाने चुकीच्या गावातून सुरुवात केली तर एक अख्खा दिवस जातो.

हाच गड तीन जिल्ह्यांच्या सीमेवर बसला आहे. खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. पाचनई आणि कोथळे अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यात. बेलपाडा ठाण्याच्या मुरबाडमध्ये. पोलीस ठाणी अनुक्रमे ओतूर, राजूर आणि टोकावडे अशी वेगळी. कोकणकड्यावर उभं राहून फोन लावला तर तो खालचा, कोकणातला टॉवर पकडू शकतो आणि माणूस ठाणे जिल्ह्यात आहे असं वाटू शकतं. ११२ लावा, १०८ लावा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ लावा, पहिल्या वाक्यात गाव, तालुका आणि जिल्हा सांगावाच लागतो. आणि तो कोणता सांगायचा हे माणूस कुठे आहे यापेक्षा त्याला कोणत्या बाजूने उतरवता येईल यावर ठरतं. हा निर्णय घाबरलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने कड्यावर उभं राहून घ्यायचा नसतो. तो घरी बसून, नकाशा पसरून, आधीच घेऊन कागदावर उतरवायचा असतो: 'मंदिर ते कोकणकडा या पट्ट्यात काहीही झालं तर: पाचनई, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर.'

सुटकेच्या जागांविषयीही एक गोष्ट रोखठोक बोलायला हवी. वाट दिसली की तिच्यावर 'एक्झिट' लिहून मोकळं होण्याची सवय आहे. सुटकेची जागा म्हणजे जिथून लंगडणारा, उलट्या होणारा, थंडीने थरथरणारा माणूस एका सोबत्याबरोबर अंधार पडायच्या आत रस्त्याला लागू शकेल आणि रस्त्यावर त्याच्यासाठी वाहन असेल. ही शेवटची अट बहुतेक जण विसरतात. गडाच्या माथ्यावरून सगळ्यात सोपी वाट पाचनईची, दीड-दोन तासांची. ती कोणीही सांगेल. पण खिरेश्वरला बस लावून गट पाचनईला उतरला, तर ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा वळसा घालून बसला यायला काही तास लागतात, आणि चालकाला हे आधी सांगितलेलं नसेल तर तो फोनच्या रेंजबाहेर, गाडीत, झोपलेला असतो. माझ्या अपघातात नेमकं हेच झालं. म्हणून कागदाची एक प्रत चालकाच्या डॅशबोर्डवर असते. तीत लिहिलेलं असतं: 'संध्याकाळी ६ पर्यंत आम्ही खिरेश्वरला आलो नाही आणि निरोपही नाही, तर गाडी हलवू नका. गावातल्या पोलीस पाटलांना भेटा.' पाचनईहून जीप मिळवून देणाऱ्याचा नंबरही असतो, आणि तो मी दरवेळी आदल्या आठवड्यात लावून बघते.

पावसाळ्यात हा सगळा हिशेब बदलतो. पाचनईच्या वाटेवर पाणी आडवं येतं. डिसेंबरात ते घोट्याएवढंही नसतं आणि जुलैतल्या एका जोरदार सरीनंतर तिथे थांबून राहावं लागतं. म्हणून एकाच गडाचे दोन कागद लागतात. आयोजकाने दिलेला कागद खरा आहे की मागच्या वर्षीचाच पुन्हा पाठवलाय हे ओळखायचं असेल तर आधी वेळा बघा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, जुलैत सव्वासातच्या सुमाराला. दोन्ही कागदांवर परत फिरण्याची वेळ एकच असेल, आठ जणांच्या आणि चाळीस जणांच्या गटाला तोलार खिंड गाठायला सारखाच वेळ लावलेला असेल, तर तो कागद कोणी विचार करून लिहिलेला नाही. रेलिंगच्या एका टप्प्यावर चाळीस माणसं एकामागून एक उतरवायला तासाच्या वर वेळ जातो. तो तास कागदावर कुठे दिसतो का, एवढं पाहिलं तरी पुरे.

आणि काही वाटांवर सुटकेची जागाच नसते. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने वर येणारी नळीची वाट घ्या. घळीत दगडधोंड्यांवरून चढायचं, अर्ध्याच्या वर गेलं की मागे उतरणं पुढे चढण्यापेक्षा धोक्याचं, आणि वरच्याने हलवलेला दगड खालच्याच्या डोक्यावर. अशा वाटेच्या कागदावर एक ओळ ठळक हवी: 'या बिंदूच्या पुढे माथ्यापर्यंत सुटका नाही.' ती वाचून चार जण नावं काढून घेतील. घेऊ द्या! त्यांनी पैसे भरायच्या आधी ती वाचायला हवी, म्हणूनच हा कागद बसमध्ये वाटण्यात अर्थ नाही. नोंदणीच्या वेळी द्यायला हवा. ज्या माणसाला उंचीची भीती आहे, ज्याचा गुडघा दुखावलेला आहे, त्याला 'मध्यम ते कठीण' यातून काहीच कळत नाही. 'साडेतीन तास सुटका नाही' यातून सगळं कळतं.

या मागणीला होणारे विरोध मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे, आणि त्यातला एक मला खरोखर वजनदार वाटतो. अनुभवी लीडर म्हणतात, लोकांच्या हातात बिंदू दिले की ते गट सोडून पुढे पळतात. फोनवर बाण दिसत असला की माणसाला आपल्याला वाट येते असं वाटू लागतं. हे खरं आहे, मी असे पळणारे मागे खेचून आणले आहेत. पण याचं उत्तर माहिती लपवणं नाही. कागद कशासाठी आहे हे त्याच कागदावर पहिल्या ओळीत सांगणं हे आहे. माझी पहिली ओळ अशी आहे: 'हा कागद पुढे जाण्यासाठी नाही. चुकलात असं वाटलं तर थांबा, शेवटच्या ओळखीच्या खुणेवर परत या, तिथेच राहा.' दुसरी ओळ शिट्टीची. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, मग परत सहा. उत्तर देणारा मिनिटात तीन वेळा वाजवतो. बस सुटायच्या आधी मी प्रत्येकाकडून हे बोलून घेते, आणि एकाला कोणताही बिंदू फोनवर सांगतोय असं समजून वाचायला लावते. दहा मिनिटं जातात. ज्याने मोठ्याने एकदा वाचलंय तो वर घाबरल्यावरही वाचू शकतो.

दुसरा विरोध असा, की बिंदू वाटले की वाटा उघड्या पडतात आणि पुढच्या शनिवारी तिथे शंभर माणसं येतात. हरिश्चंद्रगडाबाबत हे म्हणणं टिकत नाही, त्याच्या वाटा कधीच्याच सगळीकडे आहेत. पण एखाद्या कमी वापरातल्या घाटवाटेबाबत, आणि विशेषतः अभयारण्यात, ही काळजी मला मान्य आहे. हा गडही १९८६ पासून कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. अशा वेळी छापील कागद द्यावा आणि परत आल्यावर मोजून गोळा करावा. मात्र याच विरोधाच्या आड कधी कधी दुसरीच गोष्ट लपलेली असते. वाट हे आयोजकाचं भांडवल आहे आणि ते फुकट द्यायचं नाही. धंद्याचा हा हिशेब मी समजू शकते. पण ज्या माणसाचे पैसे घेतले त्याला संकटात कोणत्या बाजूने उतरायचं हे न सांगणं हा धंद्याचा हक्क असू शकत नाही.

सरकारने काय करावं? महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि आयोजकांनी नोंदणी करावी अशी त्यात अपेक्षा आहे. नोंदणीत आयोजकाकडे काय आहे ते विचारलं जातं: प्रशिक्षण, साहित्य, विमा. सहभागी माणसाच्या हातात काय पडलं हे विचारण्याची जागा मात्र हवी. माझी मागणी लहान आहे. पैसे घेऊन नेलेल्या प्रत्येक ट्रेकचा हा एक पानाचा कागद सहभागी माणसाला नाव नोंदवतानाच मिळावा, एक प्रत पायथ्याच्या गावात आणि वनखात्याच्या नाक्यावर राहावी, आणि अपघातानंतर चौकशी झाली तर पहिला प्रश्न 'कागद दिला होता का' हा असावा. त्यावर शिक्का नको, मंजुरी नको, शुल्क नको. मंजुरी आली की कागद साहेबांसाठी लिहिला जाईल, त्यात 'सर्व आवश्यक खबरदारी घेण्यात येईल' अशी वाक्यं येतील, आणि व्याघ्रशिल्पाशी डावं-उजवं लिहायला जागा उरणार नाही. चार मित्र स्वतःहून जातात त्यांच्यावर मी हे लादणार नाही. त्यांनी कोणाकडून पैसे घेतलेले नाहीत.

कागदावर काय नसावं हेही सांगते, कारण मी इथे चुकले होते. सुरुवातीला मी सगळ्यांचे रक्तगट, दमा, मधुमेह, चालू गोळ्या आणि घरचे फोन नंबर एकाच कागदावर छापून सगळ्यांना वाटले. एका मुलीने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिला फिट्स येतात हे तिच्या ऑफिसमधल्या दोघांना आता कळलं आहे आणि तिला ते नको होतं. तिचं बरोबर होतं. आता ती माहिती वेगळ्या बंद पाकिटात असते. एक माझ्याकडे, एक शेवटून चालणाऱ्याकडे, आणि ट्रेक संपला की दोन्ही फाडून टाकते. गावातल्या माणसांचे नंबरही त्यांना विचारूनच छापते. कोथळ्याच्या ज्या माणसांनी मला खाली आणलं त्यांनी पैशाचं नाव काढलं नव्हतं, पण त्यांचा अर्धा दिवस गेला होता. डोंगरात पहिली मदत नेहमी पायथ्याच्या गावाचीच असते. गिर्यारोहकांची बचाव पथकं आणि त्यांचं समन्वय केंद्र उत्तम काम करतं, पण त्यांनाही गाडीने त्या गावापर्यंत यावंच लागतं. म्हणून गावच्या माणसाचा नंबर छापायचा तर त्याच्या वेळेचे पैसे ट्रेकच्या खर्चात आधीच धरलेले हवेत.

कागद छापीलच हवा. फोनमधलं चित्र पावसात उघडत नाही, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद जुलैतही टिकतो. फोनमध्ये बिंदू जरूर ठेवावेत, नकाशा आधी उतरवून घ्यावा, कारण जीपीएसला रेंज लागत नसली तरी नकाशाच्या चित्राला लागते. पण तो दुसरा आधार.

कागदाची शेवटची ओळ घरच्यांसाठी असते. प्रत्येकाने एक प्रत घरी ठेवून यायची, आणि त्या ओळीवर बोट ठेवून कोणाला तरी समजावून यायचं. मागच्या महिन्यातल्या कागदावर ती अशी होती: 'रविवारी रात्री ९ पर्यंत आमचा फोन आला नाही तर ११२ ला फोन करा आणि हे वाचून दाखवा: बावीस जणांचा गट, खिरेश्वर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे इथून शनिवारी सकाळी ७ ला हरिश्चंद्रगडावर गेला. उतरण्याची ठरलेली वाट तोलार खिंड. ती बंद असेल तर पाचनई, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. बस खिरेश्वरला उभी आहे, चालकाकडे हाच कागद आहे.'